शुद्ध मराठीतला खोटा मेल: कर्मचाऱ्यांना तो ओळखायला शिकवण्याचा खर्च किती?

डहाणू रोड स्टेशनावरून चारोटीच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात आशागड लागतं. १९९१च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि मोठ्या उद्योगांवर बंधनं आली. त्यामुळे या पट्ट्यात आजही छोटी युनिटं जास्त दिसतात. फुग्यांचे कारखाने आहेत, डायमेकिंगची वर्कशॉपं आहेत, चिकूचे व्यापारी, पतसंस्था, शाळा, दवाखाने आहेत. वीस-पंचवीस माणसं, एक अकाउंटंट, एक कॉम्प्युटर आणि बाकी सगळं मालकाच्या मोबाइलवर, असा बहुतेक ठिकाणचा कारभार.

इतक्या लहान आस्थापनेला कोण कशाला फसवायला येईल, असं आजवर म्हणता येत होतं. फसवणाऱ्यालाही वेळ मोजावा लागायचा, आणि तो वेळ मोठ्या सावजावर घालवणंच त्याला परवडायचं. एआयने हा हिशेब बदलला आहे. या लेखात आपण आपल्या बाजूचा हिशेब मांडू. खोटे मेल ओळखायला कर्मचाऱ्यांना शिकवायचं तर काय विकत घ्यावं लागतं, काय फुकट मिळतं, आणि कुठे पैसे वाया जातात?

आधी मोठ्या सावजावरच परवडणारी फसवणूक

टेक्निमाँट या इटालियन अभियांत्रिकी समूहाच्या मुंबईतल्या भारतीय कंपनीचं प्रकरण २०१९च्या जानेवारीत बाहेर आलं. बातम्यांनुसार भारतातल्या प्रमुखांना समूहाच्या सीईओच्या नावाने मेल आले. चीनमध्ये एक कंपनी गुपचूप विकत घ्यायची आहे, काही नियमांमुळे इटलीतून पैसे पाठवता येत नाहीत, तेव्हा ते भारतातून पाठवा, असा त्यांचा आशय होता. खात्री पटावी म्हणून फोनवर कॉन्फरन्स कॉल झाले आणि त्यात वेगवेगळ्या माणसांनी वरिष्ठ अधिकारी, वकील अशा भूमिका वठवल्या. नोव्हेंबर २०१८मध्ये तीन हप्त्यांत १ कोटी ८६ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १३० कोटी रुपये, हाँगकाँगच्या खात्यांत गेले.

त्या टोळीला सीईओ कसा लिहितो ते शिकावं लागलं होतं. ही मेहनत १३० कोटींसाठी परवडते, लाख-दोन लाखांसाठी परवडत नाही. आज कुणाचे चार जुने मेल हाती लागले की त्याच धाटणीतला पाचवा मेल एआय मिनिटभरात लिहून देतो. मग तो इंग्रजीत हवा असो, मराठीत किंवा गुजरातीत. हार्वर्डच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०२४च्या एका अभ्यासात १०१ जणांना वेगवेगळ्या तऱ्हेचे फिशिंग मेल पाठवले गेले. साध्या, सरसकट मेलवर १२ टक्के लोकांनी क्लिक केलं. तज्ज्ञांनी प्रत्येकासाठी खास लिहिलेल्या मेलवर ५४ टक्क्यांनी केलं. माणसाचा हात न लागता एआयने लिहिलेल्या मेलवरही ५४ टक्क्यांनीच केलं.

म्हणजे आता अस्सल कारागिराच्या तोडीचा मेल जवळजवळ फुकट तयार होतो. मुंबईच्या बड्या कंपनीला आला तसा मेल आशागडच्या एखाद्या युनिटच्या छोट्या बिलासाठीही लिहिणं आता परवडतं.

एक मेल बारकाईने वाचू

समजा, आशागडला फुग्यांचं एक युनिट आहे. वीस माणसं कामाला आहेत. त्यातल्या सहा जणांच्या हातात मेल किंवा पैशाचे व्यवहार आहेत: मालक, त्यांचा मुलगा, अकाउंटंट, स्टोअर सांभाळणारे, डिस्पॅच बघणाऱ्या ताई आणि ऑफिसातला मुलगा. पॅकिंगची खोकी तारापूर एमआयडीसीतल्या एका पुरवठादाराकडून येतात. शुक्रवारी संध्याकाळी अकाउंटंटला मेल येतो:

«नमस्कार मॅडम, मागच्या आठवड्यात पोचवलेल्या खोक्यांचं १,८६,४०० रुपयांचं बिल सोबत जोडलं आहे. गेल्या वेळी चार नंबरच्या खोक्यांच्या पिना निघत असल्याचं आपण कळवलं होतं, या वेळी त्या तपासूनच माल पाठवला आहे. आमच्या चालू खात्याचं ऑडिट सुरू असल्याने ते काही दिवस बंद राहील. तरी या बिलाचं पेमेंट कृपया खाली दिलेल्या खात्यावर करावं. शनिवारी दुपारपर्यंत झालं तर सोमवारची गाडी अडणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.»

व्याकरण चोख, रक्कम बरोबर, पिनांचा उल्लेखही खरा. मेल खऱ्या पुरवठादाराच्या खऱ्या पत्त्यावरून आला आहे, कारण त्याच्या मेलबॉक्सचा पासवर्ड चोरीला गेला आहे. चोराने जुने मेल वाचले, बिल उचललं आणि एआयकडून त्याच धाटणीत मजकूर लिहून घेतला.

आजवरच्या प्रशिक्षणात काय शिकवलं जायचं? शुद्धलेखनाच्या चुका बघा, «डियर कस्टमर» अशी सुरुवात बघा, विचित्र मराठी बघा. यातली एकही खूण या मेलवर चालत नाही. उलट तीच शिकवण घात करते, कारण चूक सापडली नाही म्हणजे मेल खरा, असं माणूस धरून चालतो.

तरीही या मेलमध्ये संशय घेण्याजोगं काही आहे. ते भाषेत नाही, मागणीत आहे. पैशाची वाट बदलायला सांगितली आहे. त्यासाठी मुदत दिली आहे, तीही अशी की सुट्टीच्या तोंडावर विचारायला कुणी सापडू नये. आणि न ऐकल्यास नुकसान दाखवलं आहे, की गाडी अडेल. कर्मचाऱ्यांना शिकवायचं ते हे. मेल कसा लिहिला आहे याकडे बघू नका, तो तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतो ते बघा.

दीड तासाचा पहिला वर्ग

हा वर्ग घ्यायला बाहेरचा माणूस लागतोच असं नाही. मालक किंवा अकाउंटंट तो घेऊ शकतात. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या आयएसईए उपक्रमाचं साहित्य फुकट मिळतं आणि गृह मंत्रालयाच्या ‘सायबरदोस्त’ या समाजमाध्यमांवरच्या खात्यावर ताज्या फसवणुकींची माहिती येत असते. वर्गात चारच गोष्टी घ्या, पण प्रत्येकीला वेळ द्या.

पहिली, चार मागण्यांची यादी. पैसे किंवा खातेबदल, पासवर्ड किंवा ओटीपी, फाइल उघडणं किंवा ॲप टाकणं, आणि «हे कुणाला सांगू नका». यातली एकही मागणी मेलमध्ये असली तर तो मेल कितीही ओळखीचा वाटो, त्यावर लगेच काही करायचं नाही. टेक्निमाँटच्या प्रकरणात पहिली आणि चौथी मागणी एकत्र होती. पुण्यात सप्टेंबर २०२२मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक झाली, तेव्हा आदर पूनावाला यांच्या नावाने संचालकांना व्हॉट्सॲपवर संदेश आला होता आणि मागणी ताबडतोब पैसे पाठवण्याची होती. साधन मेल असो वा व्हॉट्सॲप, यादी तीच लागू पडते.

दुसरी, पत्ता उजवीकडून वाचणं. मोबाइलवर मेलच्या वरती फक्त नाव दिसतं. नावावर बोट टेकवलं की पूर्ण पत्ता उघडतो. हे प्रत्येकाने आपापल्या फोनवर वर्गातच करून बघायचं. पत्त्यातल्या `@` नंतरचा भाग डोमेन असतो आणि त्याचा खरा मालक उजव्या टोकाला कळतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत `.bank.in` या डोमेनवर यायला सांगितलं होतं. स्टेट बँकेचं डोमेन `sbi.bank.in` आहे. पण `sbi.bank.in.kyc-update.example` असा पत्ता आला तर तो बँकेचा नाही. त्याचा मालक शेवटचा `kyc-update.example` आहे, डावीकडे त्याने काहीही लिहावं. बहुतेक सरकारी कार्यालयांचे पत्ते `gov.in` किंवा `nic.in`वर संपतात. जीएसटी किंवा आयकराची नोटीस आली असं मेल म्हणत असेल तर त्यातल्या लिंकला हात लावायचा नाही. ब्राउझरमध्ये स्वतः पोर्टलचा पत्ता टाकून लॉगिन करायचं आणि नोटीस तिथे दिसते का ते बघायचं.

पण मर्यादाही वर्गातच सांगा. खोक्यांच्या मेलमध्ये पत्ता खराच होता, तिथे ही तपासणी काहीच दाखवणार नाही. म्हणून तिसरी गोष्ट.

तिसरी, उलटा फोन. खातेबदलाचा कोणताही मेल आला की पुरवठादाराला आपण फोन करायचा. नंबर जुन्या बिलावरून किंवा खातेवहीतून घ्यायचा, त्या मेलमध्ये दिलेला घ्यायचा नाही. समोरून आलेला फोन खात्रीसाठी चालत नाही, कारण आता आवाजाचीही नक्कल होते. अरूप या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयात २०२४ला उघड झालेल्या प्रकरणात कर्मचाऱ्याला आधी मेलचा संशय आला होता. मग व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ आणि सहकारी दिसले, संशय फिटला आणि २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. ते चेहरे बनावट होते. आपण स्वतः, आपल्याकडच्या नंबरवर लावलेला फोन एवढीच खात्री.

यात नेहमी एक गोंधळ होतो. खात्री म्हणून आधी एक रुपया पाठवतात आणि मेलवर विचारतात, पोचला का? चोर उत्तर देतो, पोचला. एक रुपया पोचला याचा अर्थ खातं चालू आहे एवढाच. ते कुणाचं आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बँकेतली सोय वापरा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२५पर्यंत बँकांना आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायची होती. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की बँकेच्या नोंदीतलं नाव समोर येतं. ही सोय फुकट आहे. खोक्यांच्या पुरवठादाराच्या जागी कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा. अर्थात मिळत्याजुळत्या नावाने खातं उघडलेलं असू शकतं, म्हणून नाव जुळलं तरी उलटा फोन चुकवायचा नाही.

चौथी, सांगायचं कुणाला. एक माणूस आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप ठरवा. संशयास्पद मेल पुढे पाठवायचा नाही, त्यातली लिंक दुसरा कुणी दाबेल. स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा. ज्याने आधीच क्लिक केलं आहे त्यानेही टाकायचा, आणि त्याला कुणी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम मालकाने स्वतःच्या तोंडून सांगावा.

लुटुपुटूचे मेल: कुठे पैसे वाया जातात

या बाजारात सर्वात जास्त विकली जाणारी वस्तू म्हणजे नकली फिशिंगची चाचणी. कर्मचाऱ्यांना बनावट मेल जातो, ज्याने क्लिक केलं त्याला लगेच एक शिकवणीचं पान दिसतं, महिन्याच्या शेवटी मालकाला टक्केवारीचा तक्ता मिळतो. तक्ता छान दिसतो. उपयोग किती?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील आरोग्यसेवेत १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने असे दहा प्रयोग झाले, त्याचे निष्कर्ष २०२५मध्ये आले. प्रशिक्षण घेतलेल्यांचं फसण्याचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा सरासरी फक्त १.७ टक्क्यांनी कमी भरलं. शिकवणीचं पान बहुतेकांनी मिनिटभरही वाचलं नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाने एका कंपनीत चौदा हजारांवर कर्मचाऱ्यांचा पंधरा महिने अभ्यास केला होता. क्लिकनंतर लगेच दाखवलेल्या शिकवणीने लोक सावध झाले नाहीत, असं तिथेही दिसलं. मात्र त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट चांगली निघाली. कर्मचाऱ्यांना संशयास्पद मेल कळवायची सोपी सोय दिली तेव्हा नवे मेल लवकर पकडले गेले, आणि लोक महिनोन्‌महिने कळवत राहिले.

म्हणून चाचणी घ्यायची तर मोजायचं ते वेगळं. किती जण फसले हे दुय्यम. पहिला स्क्रीनशॉट ग्रुपवर किती मिनिटांत आला, हा खरा आकडा. सहा जणांतल्या एकाने पाच मिनिटांत कळवलं तर उरलेले पाच वाचले. पहिल्या चाचणीत कुणीच कळवलं नाही आणि तिसऱ्या चाचणीत दहा मिनिटांत कळवलं, तर प्रशिक्षण लागू पडलं. क्लिकची टक्केवारी तर मेल किती सोपा किंवा अवघड लिहिला यावरच वरखाली होते. सोपा मेल पाठवून शून्य टक्के दाखवणं कोणत्याही विक्रेत्याला जमतं.

आणि आमिष जपून निवडा. डिसेंबर २०२०मध्ये गोडॅडी या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांना ६५० डॉलरच्या सुट्टीच्या बोनसचा मेल पाठवला. सुमारे ५०० जणांनी क्लिक केलं. मग कळलं, ती चाचणी होती, बोनस नव्हताच. कंपनीला माफी मागावी लागली. दिवाळीच्या तोंडावर बोनस, ॲडव्हान्स किंवा पगारवाढीचा खोटा मेल आपल्या माणसांना पाठवू नका. एकदा अशी थट्टा झाली की पुढच्या वेळी खरा संशय आला तरी माणूस गप्प बसतो. खातेबदल, कुरिअर, जीएसटी नोटीस हे विषय पुरेसे आहेत.

खर्चाचा हिशेब

आता आपल्या वीस माणसांच्या युनिटचा हिशेब मांडू. सर्वात मोठी बाब माणसांचा वेळ असते आणि कोटेशनमध्ये तीच दिसत नाही. महिना २०,००० रुपये पगार, २६ दिवस, रोज ८ तास धरले तर तासाला सुमारे ९६ रुपये पडतात. सोयीसाठी १०० धरू.

- पहिला वर्ग: ६ जण, दीड तास, म्हणजे ९ तास. ९०० रुपये.
- पुढचे अकरा महिने दर महिन्याला पंधरा मिनिटं: ६ जणांचे मिळून साडेसोळा तास. १,६५० रुपये.
- उलटे फोन: महिन्याला चार, प्रत्येकी दहा मिनिटं, वर्षाचे ८ तास. ८०० रुपये.
- दर तीन महिन्यांनी एक चाचणी मेल स्वतः तयार करणं: प्रत्येकी दोन तास, वर्षाचे ८ तास. ८०० रुपये.

वेळेचा वर्षाचा खर्च झाला ४,१५० रुपये. पंधरा मिनिटांच्या मासिक बैठकीत नवं काही शिकवायचं नाही. त्या महिन्यात ग्रुपवर आलेला एखादा मेल मोठ्या पडद्यावर लावायचा आणि चार मागण्यांच्या यादीशी ताडून बघायचा, एवढंच.

दुसरी बाब वस्तूंची. मालक आणि अकाउंटंट या दोघांच्या मेलला सिक्युरिटी की लावा. ही पेनड्राइव्हसारखी दिसणारी छोटी चावी असते. पासवर्ड चोरीला गेला तरी तिच्याशिवाय लॉगिन होत नाही, आणि खोट्या पानावर ती काम करत नाही, कारण ती साइटचं डोमेन स्वतः तपासते. ओटीपी माणूस चुकीच्या पानावर टाकू शकतो, ही चावी तशी फसत नाही. प्रत्येकी दोन घ्या, एक कपाटात ठेवायला. एका चावीचे ३,००० रुपये धरले तर चार चाव्यांचे १२,००० होतात. हा खर्च एकदाच येतो.

तिसरी बाब आपल्या डोमेनची. आपल्या नावाने दुसऱ्या कुणी मेल पाठवू नये यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी कराव्या लागतात. नोंदींना पैसे पडत नाहीत. त्या करून देणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याची मजुरी ३,००० आणि डोमेनचं वार्षिक नूतनीकरण १,००० धरू. गूगलची मेलसेवा असेल तर दोन नोंदी साधारण अशा दिसतात:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
v=DMARC1; p=none; rua=mailto:dmarc@aaple-yunit.example
```

`p=none` म्हणजे नुसती नजर ठेवा. महिनाभर अहवाल बघून आपले खरे मेल अडत नाहीत याची खात्री झाली की ते `p=quarantine` आणि पुढे `p=reject` करून घ्यायचं. बरेच जण `none`वरच सोडून देतात, मग संरक्षण काहीच मिळत नाही. कॉम्प्युटरवाल्याचे पैसे `reject` झाल्यावरच पूर्ण चुकते करा.

पहिल्या वर्षाची बेरीज: ४,१५० अधिक १२,००० अधिक ३,००० अधिक १,००० म्हणजे २०,१५० रुपये. दुसऱ्या वर्षापासून ५,१५०. मेलसेवेचं भाडं यात धरलेलं नाही, कारण ते प्रशिक्षण असो वा नसो द्यावंच लागतं. समोर ठेवा तो एकच आकडा: खोक्यांचं बिल १,८६,४०० रुपयांचं होतं.

बाहेरचा प्रशिक्षक बोलवायचा तर त्याचं मानधन वेगळं, त्यावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. तयार चाचणी-सॉफ्टवेअर घ्यायचं तर दर माणसी, दर महिन्याचा असतो. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या मेलबरोबर चालणाऱ्या डिफेंडर फॉर ऑफिस ३६५च्या दुसऱ्या प्लॅनमध्ये ही चाचणी येते आणि त्याची अमेरिकेतली छापील किंमत माणसी महिना ५ डॉलर आहे. सहा जणांचे वर्षाचे ३६० डॉलर, म्हणजे तीस हजारांच्या आसपास, कर वेगळा. गोफिश हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते चालवायला जाणकार माणूस लागतो. सहा जणांसाठी यातलं काही लागत नाही. पन्नासहून जास्त लोक मेल वापरत असतील, अनेक शाखा असतील, तर मात्र हाताने चाचण्या घेणं जमत नाही. तिथे सॉफ्टवेअरचा विचार करा.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

कुणी पॅकेज घेऊन आला तर चार प्रश्न विचारा. चाचणीचे मेल मराठी, गुजराती, हिंदीत आहेत का, की फक्त इंग्रजीत? अहवालात कळवण्याचा वेळ दिसतो का, की फक्त क्लिकची टक्केवारी? व्हॉट्सॲप आणि फोनवरच्या फसवणुकीचा सराव आहे का? आणि आमच्या कर्मचाऱ्यांची नावं, मेल पत्ते तुम्ही कुठे ठेवता आणि करार संपल्यावर पुसता का? पहिल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर चहा पाजून निरोप द्या. «आमचं सॉफ्टवेअर एआयने लिहिलेला मेल शंभर टक्के ओळखतं» असा दावा ऐकलात तरीही तेच करा. खरे व्यापारीही आता एआयकडून मेल लिहून घेतात. मेल एआयने लिहिला एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३०ला करा, हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक आहे. जवळ ठेवा: आपला खाते क्रमांक, ज्या खात्यात गेले तो क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर. तिथून संबंधित बँकांना सूचना जाते आणि पैसे पुढे सरकायच्या आत ती रक्कम गोठवायचा प्रयत्न होतो. पैसे काही तासांत खात्याखात्यांतून फिरवले जातात, म्हणून सोमवारी बँक उघडेपर्यंत थांबू नका. लगोलग आपल्या बँकेला कळवा, मग `cybercrime.gov.in`वर लेखी तक्रार करा आणि पोलीस ठाण्यात जा.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत `incident@cert-in.org.in`वर कळवायची असते. हा मेल कोण पाठवणार हेही पहिल्या वर्गातच ठरवून ठेवा.

तेवढ्यातच मेलबॉक्सही तपासा. जीमेलमध्ये सेटिंगमध्ये जाऊन `Filters and Blocked Addresses` आणि `Forwarding and POP/IMAP` ही दोन पानं उघडा. चोर अनेकदा तिथे नियम टाकून ठेवतो, म्हणजे पुरवठादाराचे खरे मेल आपल्याला दिसतच नाहीत. पासवर्ड बदलला तरी असा नियम तसाच राहतो, तो हाताने काढावा लागतो. पुरवठादारालाही सांगा, बिघाड त्याच्या मेलमध्ये असू शकतो.

आणि नुकसानभरपाईच्या भरवशावर राहू नका. ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आपण न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. खोक्यांच्या बिलाचे पैसे आपणच, आपल्या हाताने, आपल्या ओटीपीने पाठवलेले असतात. ते त्या नियमात बसवणं अवघड.

निवाडा

छोट्या आस्थापनेने पहिले पैसे सिक्युरिटी कीवर आणि डोमेनच्या नोंदींवर घालावेत, पहिला वेळ उलट्या फोनच्या सवयीवर, आणि चाचणीच्या सॉफ्टवेअरवर सध्या काहीच घालू नये. आजच एक काम करा. सर्व पुरवठादारांचे फोन नंबर जुन्या बिलांवरून एका वहीत उतरवा आणि ती वही अकाउंटंटच्या टेबलावर ठेवा. खातेबदलाचा पुढचा मेल येईल तेव्हा त्या वहीतला नंबर लावल्याशिवाय एक रुपयाही जाता कामा नये.